विणकराचा भेजा आणि इतर अडचणी

ल्यों शहरातल्या एका खाद्यगृहाभोवती फिरणारी फ्रेंच कादंबरी मराठीत आणण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा मला धास्ती होती ती लेखिकेच्या लांबलचक वाक्यांची. खाण्यापिण्याचे शब्द ही किरकोळ बाब आहे, ती शेवटी उरकता येईल, असे मी धरून चालले होते. म्हणून पहिल्या खर्ड्यात असा प्रत्येक शब्द मी रोमन लिपीतच ठेवला आणि त्याच्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले. खर्डा पुरा झाल्यावर मोजले तर ६३ प्रश्नचिन्हे निघाली. घाईघाईने मी त्यांतल्या बहुतेक शब्दांना तळटिपा जोडल्या आणि हस्तलिखित संपादक बाईंकडे पाठवून दिले. आठवडाभराने त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमची माणसे जेवायला बसली की मला पानाच्या तळाशी जावे लागते. परत वर येते तोवर त्यांचे जेवण निवलेले असते."

त्या बोलण्यात कुठेही बोचरेपणा नव्हता, पण त्यांचा मुद्दा मला नाकारता येईना. तळटीप माहिती पुरवते, पण ज्या क्षणी वाचकाने पात्राबरोबर हसायचे असते त्याच क्षणी ती त्याला बाजूला बोलावून घेते. मी सगळ्या टिपा काढून टाकल्या आणि एका वहीत तीन रकाने आखले: ठेवायचा, उसना घ्यायचा, उलगडायचा. पहिल्या दोन रकान्यांमधला फरक माझ्यापुरता असा होता की 'ठेवलेला' शब्द देवनागरीत लिहिला तरी पाहुणाच राहतो आणि ते वाचकाला जाणवावे अशीच माझी इच्छा असते. 'उसना घेतलेला' शब्द मात्र घरातला होतो, म्हणजे त्याला मराठी लिंग मिळते, सामान्यरूप होते, आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. 'ऑम्लेट' हा मुळात फ्रेंच शब्द आहे, पण तो इंग्रजीतून आपल्याकडे आला, नपुंसकलिंगी झाला आणि 'ऑम्लेटात मिरची घाल' असे आपण बिनदिक्कत म्हणतो. उलगडायच्या रकान्यातला शब्द पुस्तकात दिसणारच नव्हता; त्याच्या जागी तो पदार्थ किंवा ती रीत साध्या मराठीत येणार होती.

उसन्या शब्दांचा रकाना सर्वांत सोपा निघेल असे मला वाटले होते. जे शब्द मराठीत आधीच आलेले आहेत ते तसेच घ्यायचे, त्यात विचार काय करायचा? पण सर्वांत लाजिरवाण्या चुका मी इथेच केल्या होत्या. पहिल्याच प्रकरणात त्या खाद्यगृहाची मालकीण असलेली आजी संध्याकाळी 'बुफे' उघडते आणि त्यातून चिनी मातीच्या बशा काढते. मी बेधडक 'आजीने बुफे उघडले' असे लिहून टाकले होते. मराठी वाचकाला बुफे म्हणजे लग्नाच्या कार्यालयातली, हातात ताटली घेऊन उभे राहायची रांग; फ्रेंच घरात मात्र तो शब्द जेवणघरातल्या लाकडी कपाटाला वापरतात. तिथे 'फडताळ' हा शब्द बसला आणि इतका नीट बसला की आजीच्या स्वयंपाकघराला एकदम वय आले. 'मेनू'चेही तसेच. आपण मेनू म्हणतो ती पदार्थांची यादी, तर फ्रान्समध्ये त्या यादीला 'कार्त' म्हणतात आणि 'मेनू' म्हणजे ठरलेल्या किमतीत मिळणारे ठरलेले दोन-तीन पदार्थांचे जेवण. कादंबरीत एक गिऱ्हाईक पैसे मोजून पाहते आणि 'मेनूच घेते' असे म्हणते. त्यात तिची ओढाताण दिसायला हवी होती. माझ्या खर्ड्यात ती बाई यादी उचलून घेत होती. 'राइस प्लेट' हा आपल्याकडचा नेमका शब्द मला मोहात पाडत होता, पण ल्योंमध्ये राइस प्लेट आणणे म्हणजे आजीच्या गल्ल्यावर उडुपी मालकाला बसवणे झाले असते. शेवटी 'ठरावीक जेवण' असे लिहिले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: जो फ्रेंच शब्द मराठीत आधीच नांदतो आहे, त्याच्याकडे अनोळखी शब्दापेक्षा अधिक संशयाने पाहायचे, कारण अनोळखी शब्द निदान आपल्याला कोशाकडे तरी पाठवतो.

मग खुद्द त्या खाद्यगृहाचा शब्द. ल्योंमध्ये अशा लहान, घरगुती, गर्दीने बसायच्या खाद्यगृहाला 'बुशों' म्हणतात. एरवी फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ बाटलीचे बूच असा होतो, वाहतुकीच्या कोंडीलाही तोच शब्द आहे, पण ल्योंमध्ये त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मला पहिल्यांदा सुचला तो 'खानावळ'. हा शब्द सहजासहजी सोडवेना. क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर रेशीम विणणाऱ्या कामगारांची वस्ती होती. उंच जाकार माग आत मावावेत म्हणून तिथल्या घरांची छते सुमारे चार मीटर उंच बांधलेली आहेत. अशा कामकऱ्यांना पोटभर जेवू घालणाऱ्या स्वयंपाकिणींची ल्योंमध्ये मोठी परंपरा आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका आठवल्यावाचून राहत नाहीत. परंतु खानावळीत महिन्याचे पैसे भरून रोजचे जेवण मिळते, तिथे कोणी वाइनची सुरई पुढ्यात घेऊन दोन तास गप्पा छाटत बसत नाही. आणि या कादंबरीत जे काही घडते ते नेमके त्या दोन तासांत घडते. शिवाय आजीला आपल्या पाटीवरच्या 'बुशों' या शब्दाचा अभिमान आहे, आणि शेजारच्या रस्त्यावर कोणीतरी प्रवाशांसाठी खोटा बुशों उघडल्याचा राग आहे. शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्या बाईच्या तोंडातून तो शब्द काढून घेणे मला रास्त वाटले नाही. 'बुशों' ठेवला. आजीच्या मनात मागची पिढी येते तिथे 'तेव्हा ही विणकरांची खानावळच होती' असे वाक्य मूळ मजकुराशी इमान राखून करता आले, आणि वाचकाला धागा मिळाला.

ठेवला तरी तो लिहायचा कसा, हा प्रश्न उरलाच. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा शेवट नाकातल्या ओकाराने होतो, 'न'चा उच्चार होत नाही. 'बुशॉन' लिहावे तर ते इंग्रजी वळणाचे होते. 'बुशों' लिहावे तर निराळीच अडचण येते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार मराठीतून गेले, 'केलें', 'घरें' हे मागे पडले. त्यामुळे शब्दाच्या अखेरचा अनुस्वार मराठी वाचकाला आज एकतर जुन्या पुस्तकातला वाटतो किंवा बोलीतला, आणि बरेच जण तो वाचतच नाहीत. तरीही 'लोकांनो' आणि 'लोकांचा' यांत नाकातून जाणारा सूर आपल्याला येतो, या भरवशावर मी अनुस्वार ठेवला. लिंगाचा निकाल कानाने लावला. फ्रेंचमध्ये हा शब्द पुल्लिंगी आहे, पण मराठीत अशा जागांना आपण 'ते हॉटेल', 'ते दुकान' म्हणतो. पहिले काही दिवस मी 'ते बुशों' असे लिहून पाहिले, पण 'बुशोंतले', 'बुशोंचे' ही रूपे सगळीकडे सारखीच राहतात आणि लिंग फक्त क्रियापदात उघडे पडते, हे लक्षात आल्यावर मी मुळातला पुल्लिंग परत आणला. 'बुशों उघडला' हे 'कारखाना उघडला', 'धंदा उघडला' यांच्या पंगतीला बसते.

आता ज्या पदार्थाने तीन आठवडे घेतले त्याच्याकडे येते. त्याचे नाव 'सेर्वेल द कान्यू'. 'सेर्वेल' म्हणजे प्राण्याचा भेजा, आणि 'कान्यू' म्हणजे ल्योंचा रेशीम विणकर. पदार्थात भेजा अजिबात नसतो. फ्रोमाज ब्लाँ नावाचे ताजे, मऊ, आंबूस पांढरे चीज घोटून त्यात बारीक चिरलेला छोटा गोड कांदा, पार्सली, पातीसारखी हिरवी पाने, थोडा लसूण, ऑलिव्हचे तेल, शिर्का, मीठ आणि मिरपूड घालतात आणि पावाबरोबर किंवा उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात. नावामागची कथा अशी सांगितली जाते की विणकरांना खरा भेजा परवडत नसे, म्हणून त्यांनी चिजाला ते नाव दिले. काहींच्या मते पैसेवाल्यांनी विणकरांच्या डोक्याची केलेली ती टवाळी आहे. यातले खरे काय ते कोणीही ठरवो, पण १८३१ आणि १८३४ मध्ये याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केले आणि सैन्य आणून ते मोडण्यात आले, हे ल्योंमध्ये वाढलेल्या माणसाला माहीत असते, आणि त्यामुळे त्या नावात त्याला विनोदाबरोबर जखमही दिसते.

कादंबरीतला प्रसंग असा आहे. पॅरिसहून आलेला होणारा जावई पहिल्यांदा आजीच्या बुशोंमध्ये बसतो. फळ्यावर खडूने लिहिलेले ते नाव वाचतो, त्याचा चेहरा उतरतो, आणि तो अतिशय सभ्यपणे सांगतो की आपल्याला मेंदू वगैरे प्रकार सोसत नाहीत. आजी काही न बोलता वाडगा आणून त्याच्यापुढे ठेवते. आतले पांढरे पाहून तो लाल होतो. एवढेच, पण त्या माणसाचे पुढचे वागणे या फजितीवर उभे आहे.

मी नुसते 'सेर्वेल द कान्यू' ठेवले असते तर मराठी वाचकाला जावई का बिचकला हे कळले नसते. उलगडून 'हिरवी पाने घातलेले ताजे चीज' असे लिहिले असते तर बिचकण्यासारखे काहीच उरले नसते. म्हणजे या एका ठिकाणी वाचकाला जावयाइतकेच कळायला हवे होते, आणि तेही जावयाला कळते त्याच वेळी. नावाचे भाषांतर करण्यावाचून गत्यंतर नव्हते. 'मेंदू' हा शब्द मी लगेच बाजूला केला, कारण तो शाळेच्या पुस्तकातला आणि दवाखान्यातला आहे, ताटातला नाही. ताटातला शब्द 'भेजा'. इराण्याच्या हॉटेलात भेजा फ्राय खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या दोन्ही वाचकांना तो पुरतो, शिवाय 'भेजा चालत नाही' असे आपण माणसाच्या अकलेबद्दलही म्हणतो, म्हणजे मुळातली टवाळीही आपोआप आत आली.

विणकराचे काम इतके सोपे नव्हते. माझ्या एका स्नेह्यांनी 'कोष्ट्याचा भेजा' असे सुचवले. त्यांच्या मते 'विणकर' हा सरकारी योजनेतला शब्द आहे आणि 'कोष्टी' हा माणसांचा. शब्दाच्या जिवंतपणाबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते. पण कोष्टी, साळी ही आपल्याकडे जातींची नावे आहेत, आणि कान्यू हा धंद्याने आणि टेकडीने ओळखला जातो, जातीने नाही. ते नाव घातले असते तर एका खऱ्या समाजाची टिंगल मी फुकटात छापली असती आणि मुळात नसलेली एक उतरंड ल्योंमध्ये नेऊन ठेवली असती. 'विणकर' थोडा कोरडा आहे, तो तसा पत्करला.

वाडग्यातल्या पांढऱ्या पदार्थाला काय म्हणायचे, हे नावाइतकेच अवघड गेले. पोत सांगायला मराठीत चक्क्यासारखा दुसरा शब्द नाही. खातरी करावी म्हणून मी तो पदार्थ घरी केला. अर्धा किलो दही पंचात बांधून रात्रभर टांगले, सकाळी घोटले, त्यात छोटा कांदा, कांद्याची पात, लसणाची एक पाकळी, तेल आणि चमचाभर शिर्का घातला. कोथिंबीर मुद्दाम टाळली, कारण ती पडली की पदार्थ थेट आपल्या बाजूला येतो. सासूबाईंनी पावावर लावून खाल्ले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चांगले झाले आहे, पण तू यात साखर घालायची विसरलीस की तुला कोशिंबीर करायची होती?" मी म्हटले, "आई, तुम्ही डोळ्यांपुढे काय आणलेत ते सांगा." त्या म्हणाल्या, "श्रीखंड. चक्का म्हटल्यावर आणखी काय येणार?" माझा निर्णय तिथेच झाला. चक्का पोताने अचूक होता, पण त्याच्या मागोमाग साखर, वेलची आणि पाडवा हे सगळे येणार होते, आणि जावयाच्या वाडग्यात ते नको होते. मी शब्द टाळून कृती ठेवली: 'फडक्यात टांगून निथळवलेले पांढरे, मऊ, आंबूस चीज'. ज्याने घरी चक्का केला आहे त्याच्या हाताला ते कळते, आणि गोडाची आठवण मात्र होत नाही.

अखेरीस छापले गेले ते असे:

"फळ्यावर तिसऱ्या ओळीत लिहिले होते, सेर्वेल द कान्यू. त्याने ते मनात दोनदा वाचले. विणकराचा भेजा. 'क्षमा करा,' तो म्हणाला, 'पण भेजा मला सोसत नाही.'"

यात 'विणकराचा भेजा' ही दोन शब्दांची भर माझी आहे. मुळात जावई नाव नुसते वाचतो, कारण फ्रेंच वाचकाला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण तो अर्थ त्याच्या मनात येऊन गेलेला असतोच, म्हणून ही भर मी त्याच्या मनातच टाकली, निवेदिकेच्या तोंडी घातली नाही. पुढच्या प्रकरणांत घरातली माणसे त्या पदार्थाला लाडाने नुसते 'सेर्वेल' म्हणतात. तिथे तोच शब्द ठेवता आला, कारण एव्हाना तो वाचकाच्याही ओळखीचा झालेला असतो. 'कान्यू' या लेखनाबद्दल एक सांगायचे राहिले: त्यातला शेवटचा स्वर ओठ ऊकारासाठी गोल करून जीभ ईकाराच्या जागी ठेवल्यावर निघतो आणि देवनागरीत त्याला घर नाही. 'कानू' लिहिले असते तर तो कोणाचा तरी धाकटा भाऊ वाटला असता.

सगळेच शब्द इतके छळणारे नव्हते. विणकर रात्रपाळी संपवून सकाळी मांस, चीज आणि वाइन असे दणदणीत खात, त्याला ल्योंमध्ये 'माशों' म्हणतात. तो ठेवला असता तर प्रत्येक मराठी वाचकाने ताटात मासे शोधले असते. आपल्याकडे 'न्याहारी' आहे, आणि ती नाश्त्यासारखी नाजूक नाही, कष्ट करून आलेल्या माणसाची आहे. तिथे वाइन आणि सॉसेज मजकुरातच असल्याने गैरसमजाला वाव राहिला नाही. मुलांच्या चार वाजताच्या 'गूते'साठी 'मधल्या वेळचे खाणे' तयारच होते. इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणाऱ्या 'त्राबूल' मात्र ठेवल्या, कारण 'बोळ' म्हटले की वर आकाश दिसते आणि त्राबूलमध्ये ते बराच वेळ दिसत नाही.

जेवायला सुरुवात करताना म्हणायच्या 'बोनापेती'ला मराठी नाही, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आले होते. कादंबरीत ते अकरा वेळा येते. आजी गिऱ्हाइकापुढे ताट ठेवून ते म्हणते, तिथे 'सावकाश होऊ द्या' हे पंगतीतले बोल जसेच्या तसे बसले, कारण ती वाढणारी आहे. पण एका प्रसंगात बाहेर पडणारे दोन कामगार दाराजवळ जेवत बसलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणतात. त्यांच्या तोंडी 'सावकाश होऊ द्या' घातले की ते यजमान होतात. बरेच दिवस ती जागा रिकामी होती. मग एकदा दुपारी आमच्याकडे पाण्याचा मीटर पाहायला आलेला माणूस आम्हाला जेवताना पाहून उंबऱ्यातच थबकला आणि म्हणाला, "चालू द्या, चालू द्या." मी घास तसाच ठेवून वही आणायला उठले. अकरापैकी चार ठिकाणी आता 'चालू द्या' आहे.

पहिली मुद्रिते आली तेव्हा पदार्थांची नावे सगळी जागच्या जागी होती. मुद्रितशोधकांनी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'बुशों'वरचा अनुस्वार काळजीपूर्वक खोडला होता आणि समासात लिहिले होते, 'जुने लेखन, नियमानुसार दुरुस्त केले.' दोनशे चौदा ठिकाणी तो ठिपका मी हाताने परत दिला. एकशे अठ्ठावन्नाव्या पानावरचा एक राहून गेला आहे.